कोपऱ्यातली पट्टी

नवा टीव्ही घरी आला की पहिले दोन दिवस सगळे त्याच्याकडे लांबून पाहतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी रिमोटवरची सगळी बटणं दाबून बघतं. त्या दाबादाबीत कधी तरी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन-चार सेकंदांसाठी एक पट्टी उमटते: HDMI 2, 3840x2160, 60Hz. काही वेळा शेजारी HDR ही तीन अक्षरं असतात, काही वेळा नसतात. पट्टी विरते आणि घर पुन्हा मालिकेकडे वळतं.

बॉक्सकडून वायरीतून जे आलं, त्याची ही पोचपावती. दुकानदाराने काय सांगितलं, खोक्यावर काय छापलं होतं, ॲपमध्ये सिनेमाच्या नावापुढे कोणता बिल्ला आहे, यांच्याशी तिचा संबंध नाही. दर सेकंदाला किती ठिपक्यांची किती चित्रं आली आणि ती कोणत्या प्रकारची म्हणून पाठवली गेली, एवढंच ती सांगते. सोनीच्या बऱ्याच टीव्हींवर रिमोटवरचं माहितीचं बटण दाबलं की ती दिसते. सॅमसंगच्या नव्या टीव्हींवर गेम मोड चालू असताना प्ले-पॉज बटण दाबून धरलं की गेम बार उघडतो आणि त्यात फ्रेमचा वेग व एचडीआरची स्थिती दिसते. एलजीच्या अनेक मॉडेलांवर एचडीएमआयवर चित्र चालू असताना हिरवं बटण पाठोपाठ सात-आठ वेळा दाबावं लागतं. असल्या युक्त्या माहितीपुस्तिकेत सहसा नसतात, एकाकडून दुसऱ्याकडे तोंडीच जातात.

एक नेहमीचं घर घेऊ. काकांनी दिवाळीत ५५ इंची टीव्ही घेतला आहे. स्ट्रीमिंगचा बॉक्स जुनाच, एचडीएमआय २.० पिढीचा, पण ४के आणि एचडीआर दोन्ही देणारा. वायरही जुनीच. सिनेमा लावला तर चित्र ठीकठाक, पण दुकानात पाहिलेली झळाळी नाही. शिवाय कॅमेरा आडवा फिरला की इमारती धडपडत सरकल्यासारख्या दिसतात. टीव्ही खराब निघाला, असं काकांचं ठाम मत. सुट्टीला आलेली पुतणी म्हणते, “काका, सिनेमा चालू राहू द्या आणि ते ‘i’चं बटण दाबा.” पट्टी येते: 3840x2160 60Hz. HDR नाही.

निदानाला एवढं पुरेसं आहे, फक्त ते वाचता आलं पाहिजे.

पहिला आकडा, रिझोल्यूशनचा, सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा. 3840x2160 म्हणजे ४के. पण बहुतेक स्ट्रीमिंग बॉक्स जे काही असेल ते आधी ४केपर्यंत फुगवतात आणि मगच वायरीत सोडतात. १९८० च्या दशकातल्या मालिकेची धूसर प्रत लावली तरी पट्टीवर 3840x2160 च येईल, कारण तो बॉक्सने पाठवलेल्या चित्राचा आकार आहे, मूळ चित्राचा नाही. तो अपेक्षेपेक्षा कमी दिसला तरच त्यातून काही कळतं. ४केवर ठेवलेला बॉक्स 1920x1080 देऊ लागला तर वायर, पोर्ट किंवा मधला साउंडबार यांपैकी कुणीतरी वाट अडवतं आहे. डीटीएचच्या एचडी बॉक्सवर बऱ्याचदा 1920x1080i 50Hz दिसतं आणि तिथे तेच बरोबर असतं. त्यातला i म्हणजे चित्र एक आड एक ओळींच्या दोन हप्त्यांत येतं.

काकांच्या पट्टीतला पहिला आकडा बरोबर आहे. दुसरा चुकला आहे.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनी चित्रित होतो. बॉक्स मात्र ६० पाठवतो आहे. २४ ने ६० ला भागलं तर अडीच येतात आणि अर्धी फ्रेम दाखवता येत नाही. म्हणून बॉक्स पहिली फ्रेम तीनदा दाखवतो, दुसरी दोनदा, तिसरी तीनदा, चौथी दोनदा. एक चित्र ५० मिलिसेकंद टिकतं, पुढचं जेमतेम ३३. माणूस खुर्चीत बसून बोलत असताना हे जाणवत नाही. कॅमेरा सावकाश आडवा फिरू लागला की खांब, झाडं, खिडक्यांच्या उभ्या कडा अडखळत पुढे जातात. काकांच्या इमारती धडपडत होत्या त्या यामुळेच.

उपाय बॉक्सच्या सेटिंगमध्ये आहे. ॲपल टीव्हीवर तो Match Frame Rate नावाने मिळतो, फायर टीव्हीवर Match Original Frame Rate नावाने. ते चालू केल्यावर सिनेमा सुरू होताना पडदा दोनेक सेकंद काळा होतो, कारण बॉक्स आणि टीव्ही नव्या वेगावर जुळवून घेत असतात. या काळ्या पडद्याला घाबरून अनेकजण ते सेटिंग पुन्हा बंद करतात. खरं तर तो काळा पडदा म्हणजेच काम झाल्याची खूण. नंतर पट्टी पुन्हा उघडली की 60Hz च्या जागी 24Hz दिसायला हवं.

आपल्याकडे या दुसऱ्या आकड्याला आणखी एक घोळ आहे. भारतातलं टीव्ही प्रसारण ५० च्या हिशेबावर उभं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपण घेतलेली पाल ही रंगीत प्रसारणपद्धतही सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणजे ५० अर्धचित्रांची. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे सगळा हिशेब ६० चा. स्ट्रीमिंगचे बहुतेक बॉक्स अमेरिकी वळणाचे, त्यामुळे पेटीतून बाहेर येतानाच ते ६० वर बसलेले असतात. आता ५० फ्रेमचा क्रिकेट सामना अशा बॉक्सवर लागला की दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते. सेकंदाला असे दहा धक्के. चेंडू सीमारेषेकडे निघतो, कॅमेरा त्याच्यामागे धावतो आणि हिरवळ थरथरते. लोक इंटरनेटला शिव्या घालतात. इंटरनेट अडकलं तर चित्र थांबतं किंवा त्याचे चौकोन पडतात. ते अशी एकसारखी थरथर करत नाही. सामना चालू असताना पट्टीवर 60Hz असेल तर संशय तिथेच घ्यावा. सगळी ॲप बॉक्सला मूळ वेग कळवत नाहीत. तशा वेळी सामन्यापुरता बॉक्स हाताने ५० हर्ट्झवर ठेवला की थरथर जाते.

न्यू जर्सीत बसून मराठी मालिका पाहणाऱ्यांचं गाऱ्हाणं याच जातीचं. २५ फ्रेमसाठी तयार झालेली मालिका ६० च्या पडद्यावर दोनदा, दोनदा, तीनदा, दोनदा, तीनदा अशा लयीत दाखवावी लागते आणि ती लय डोळ्याला सुखाची नसते.

दुसऱ्या आकड्याची एक मर्यादा सांगायला हवी. बहुतेक चित्रपट डिजिटल रूपात नेमके २४ नव्हे, तर २३.९७६ फ्रेमचे असतात. अमेरिकेत रंगीत टीव्ही आला तेव्हा ६० चा वेग किंचित कमी करून ५९.९४ केला गेला. ही ओढाताण तेव्हापासूनची. टीव्हीची पट्टी सहसा दोन्हींना 24Hz च म्हणते. बॉक्सने २३.९७६ चा सिनेमा नेमक्या २४ वर पाठवला तर साधारण ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते. पट्टी हे पकडू शकत नाही. सिनेमा भर रंगात असताना मिनिटाला एखादा बारीक झटका घड्याळ लावल्यासारखा येत असेल तर कारण हे असू शकतं.

आता काकांची तिसरी अडचण: HDR दिसत का नाही?

बॉक्स काय पाठवायचं हे मनाने ठरवत नाही. वायर जोडली की टीव्ही स्वतःची पत्रिका बॉक्सकडे पाठवतो. कोणती रिझोल्यूशन चालतील, कोणते वेग, रंगांची किती बारकाई, एचडीआर समजतं की नाही, हे सगळं त्यात असतं. बॉक्स ती वाचून जुळेल ते निवडतो. गंमत म्हणजे अनेक टीव्ही कारखान्यातून निघताना आपली पत्रिका मुद्दाम साधी ठेवतात, जुना डीव्हीडी प्लेअर जोडला तर तो गोंधळू नये म्हणून. आपण एचडीआर समजतो हे ते सांगतच नाहीत. पत्रिका पूर्ण करायची तर त्या त्या पोर्टचं सेटिंग बदलावं लागतं. सोनीमध्ये त्याचं नाव HDMI signal format आणि तिथे Enhanced format निवडायचं. सॅमसंगमध्ये Input Signal Plus, एलजीमध्ये HDMI Deep Colour. सोनीच्या अनेक मॉडेलांत हे सेटिंग प्रत्येक पोर्टला वेगळं असतं. एका पोर्टवर केलं आणि वायर दुसऱ्याला लावली की मेहनत फुकट.

पुतणीने पोर्टचं सेटिंग बदललं, बॉक्स बंद करून चालू केला. आता पट्टी म्हणते 3840x2160 60Hz HDR. काका खूश. पण बॉक्सच्या साध्या मेनूवर, जिथे फक्त ॲपची चित्रं आहेत, तिथेही HDR दिसतं. म्हणजे बॉक्स सगळ्यालाच एचडीआरचं लेबल चिकटवतो आहे.

हे लेबल नेमकं काय असतं ते इथे कळतं. टीव्ही चित्र तपासून ते एचडीआर आहे की नाही हे ठरवत नाही. सिग्नलबरोबर माहितीचं एक छोटं पाकीट येतं, त्यात प्रकाशाचा हिशेब कोणत्या पद्धतीने वाचायचा ते लिहिलेलं असतं. पाकिटात एचडीआर लिहिलं असेल तर टीव्ही त्या पद्धतीने वाचतो आणि पट्टीवर HDR छापतो. एखाद्या जुन्या सिनेमाला बॉक्सने ते लेबल लावलं की बॉक्स त्याला स्वतःच्या अंदाजाने एचडीआरमध्ये रूपांतरित करतो. कधी चेहरे तांबूस होतात, कधी सबटायटल डोळ्यात खुपतात. उलटी चूकही होते: खरं एचडीआर चित्र लेबलाशिवाय आलं तर सगळं राखाडी, पाणी घातल्यासारखं दिसतं. म्हणून पट्टी दोनदा वाचावी, एकदा एचडीआर सिनेमा चालू असताना आणि एकदा मेनूवर. पहिल्या वेळी HDR दिसावं, दुसऱ्या वेळी दिसू नये. ॲपल टीव्हीवर त्यासाठी मूळ फॉरमॅट 4K SDR ठेवून Match Dynamic Range चालू करायचं असतं.

मूळ चित्रात काय आहे हे पडताळण्याची एक फुकटची सोय यूट्यूबमध्ये आहे. व्हिडिओ चालू असताना Stats for nerds उघडलं की Color या ओळीत खऱ्या एचडीआर व्हिडिओला `smpte2084 (PQ) / bt2020` असं काहीसं दिसतं, साध्याला `bt709 / bt709`. ही झाली उगमाकडची माहिती, टीव्हीची पट्टी म्हणजे मुक्कामाची. उगमाला bt709 आणि मुक्कामाला HDR असेल तर मधल्या बॉक्सने ढवळाढवळ केली आहे.

राहिली बिट डेप्थ, आणि इथे साधी पट्टी बहुधा गप्प बसते.

एका रंगाच्या किती छटा पाठवल्या जातात याचं हे माप. ८ बिट म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, एकूण सुमारे १ कोटी ६७ लाख रंग. १० बिट म्हणजे प्रत्येकी १०२४ पायऱ्या, एकूण १०७ कोटी. एचडीआरमध्ये काळोखापासून सूर्यप्रकाशापर्यंतचं अंतर मोठं असल्याने २५६ पायऱ्या पुरत नाहीत. मावळतीच्या आकाशात कांद्याच्या पाकळ्यांसारखे पट्टे दिसतात. एचडीआरची बहुतेक सामग्री म्हणूनच १० बिटची असते. तो आकडा पाहायचा तर दुसरीकडे जावं लागतं. डेनॉन किंवा मरान्ट्झचा रिसीव्हर मध्ये असेल तर त्याच्या माहितीच्या पानावर एचडीएमआय सिग्नलचा तपशील येतो. प्लेस्टेशन ५ च्या व्हिडिओ आउटपुटच्या माहितीत बिट दिसत नाहीत, पण रंगाचा साचा RGB आहे की YUV422 ते कळतं. संगणक जोडला असेल तर विंडोजच्या Advanced display पानावर Bit depth अशी ओळच आहे.

त्या विंडोजच्या पानावर पुष्कळांना धक्का बसतो. ४के, ६० हर्ट्झ, एचडीआर चालू, आणि ओळीत लिहिलेलं असतं 8-bit with dithering. बिघाड कुठेच नसतो. हा आकडा का येतो ते थोड्या गुणाकाराने समजतं.

४केचं चित्र ६० वेळा पाठवायचं तर, कडेच्या न दिसणाऱ्या ठिपक्यांसह, सेकंदाला ५९ कोटी ४० लाख ठिपके जातात. ८ बिटप्रमाणे प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांचे २४ बिट, म्हणजे सेकंदाला १,४२५ कोटी बिट. एचडीएमआय २.० ची क्षमता जाहिरातीत १८ गिगाबिट असली तरी त्यातला एक पंचमांश सिग्नल सुरक्षित पोचवण्याच्या संकेतात खर्च होतो आणि चित्रासाठी उरतात १,४४० कोटी बिट. म्हणजे ८ बिट जेमतेम मावतात. १० बिटसाठी लागतात १,७८२ कोटी, ते मावत नाहीत. मग संगणक ८ बिटवर येतो आणि छटांमधली फट बारीक ठिपक्यांच्या मिश्रणाने झाकतो. स्ट्रीमिंगचा बॉक्स दुसरी तडजोड करतो: उजेडाचा तपशील पूर्ण ठेवतो आणि रंगाचा आडवा तपशील निम्मा करतो. यालाच 4:2:2 म्हणतात. सिनेमा पाहताना त्यात फारसं काही गमावत नाही, कारण स्ट्रीमिंगचे आणि डिस्कवरचे सिनेमे मुळातच त्याहून कमी रंगतपशिलाने साठवलेले असतात. संगणकाच्या पडद्यावर मात्र बारीक रंगीत अक्षरांच्या कडा मळकट दिसू शकतात.

आता तोच गुणाकार २४ फ्रेमसाठी. सेकंदाला ठिपके निम्मे, २९ कोटी ७० लाख. १० बिट पूर्ण रंगांसह लागतात ८९१ कोटी बिट. १,४४० कोटींच्या नळातून हे आरामात जातं. काकांच्या बॉक्सला ६० हर्ट्झवर जी तडजोड करावी लागत होती ती 24Hz वर लागतच नाही. अडखळणाऱ्या इमारतींसाठी केलेला उपाय रंगांच्याही कामी आला. पट्टीवरचे चारही आकडे एकाच नळातून येतात, एक वाढला की दुसऱ्याला आकसावं लागतं, म्हणून त्यांतला एकटा आकडा पाहून निकाल देता येत नाही.

तपशिलाच्या पानावर दोन ठिकाणी जाणकारही फसतात. सिनेमा १० बिटचा असताना पान 12 bit म्हणतं. एचडीएमआयमध्ये 4:2:2 चा डबाच १२ बिटचा ठरलेला आहे, आतला माल १० चा असला तरी आकडा डब्याचा छापला जातो. दुसरं याच्या उलट: डॉल्बी व्हिजनचा सिनेमा चालू असताना पान RGB, 8 bit म्हणतं. घाबरून सेटिंग बदलण्याआधी थांबावं. डॉल्बी व्हिजनच्या मूळ पद्धतीत १२ बिटची माहिती ८ बिट RGB च्या साध्या वेष्टनात दडवून पाठवली जाते आणि टीव्ही ती आत उलगडतो. टीव्हीने डॉल्बी व्हिजनचा बिल्ला दाखवला असेल तर तो 8 bit बरोबरच आहे.

वायरीवर आळ बराच लवकर घेतला जातो. खराब वायरीने रंग फिके होत नाहीत की चित्र मऊ होत नाही. तिच्यामुळे पडद्यावर पांढऱ्या ठिणग्या उडतात, एक-दोन सेकंद चित्र जातं, किंवा बॉक्स माघार घेऊन कमी आकड्यावर येतो. 24Hz वर सगळं सुरळीत आणि 60Hz HDR वर ठिणग्या, असं झालं तर वायर बदलायची. १८ गिगाबिटसाठी प्रमाणित वायरीच्या वेष्टनावर Premium High Speed असतं, ४८ साठी Ultra High Speed, आणि त्या लेबलवरचा क्यूआर कोड फोनने तपासता येतो.

काकांच्या घरी शेवटी एवढं झालं. पोर्टचं सेटिंग बदललं, वेग जुळवण्याचं आणि एचडीआर जुळवण्याचं सेटिंग चालू केलं. सिनेमा लावला, पडदा दोन सेकंद काळा झाला, बटण दाबल्यावर पट्टी आली: 3840x2160 24Hz HDR. मेनूवर परतल्यावर 60Hz, HDR गायब. वायर जुनीच राहिली. काकांनी मग साउंडबार मध्ये जोडला आणि पट्टीवरून HDR पुन्हा गेलं. साउंडबार २०१४ चा, एचडीआरची ही पाकिटं एचडीएमआयमध्ये आली ती २०१५ मध्ये, २.०ए बरोबर. बॉक्सला टीव्हीची पत्रिका साउंडबारच्या हातून मिळत होती आणि मधल्या माणसाला न कळणारी ओळ पुढे जातच नव्हती. बॉक्सची वायर पुन्हा थेट टीव्हीला लावून साउंडबार टीव्हीच्या एआरसी पोर्टवर जोडला. आवाज तिथून निघू लागला आणि काकांनी पुन्हा ‘i’ दाबून पाहिलं.